बेदाणा लावलेले लाडू

४ जानेवारी

आजी,

पाया पडतो. पत्राला उशीर झाला, कारण चांगली बातमी कळवायची म्हणून थांबलो होतो आणि ती निम्मीच चांगली निघाली.

चांगली निम्मी अशी: गेल्या सोमवारपासून मला भांडी घासण्यावरून काढून कढईवर घेतलं आहे. या उपाहारगृहात रोज चारशे माणसं जेवतात आणि आठवड्यातून एकदा ताटात लाडू असतो. मोठ्या आचाऱ्यांना कुणीतरी सांगितलं की माझी आजी चाळीस वर्षं लाडू करून विकते. ते म्हणाले, "मग याच्या रक्तातच असणार. दे कालथा."

वाईट निम्मी अशी: माझ्या रक्तात काही नाही. मी वहीत लिहून ठेवलं होतं तसं केलं. आधी नमुन्याला एक किलो बेसन, अर्धा किलो तूप, मंद आच, घड्याळ लावून बावीस मिनिटं. आचाऱ्यांनी एक लाडू तोंडात टाकला, जीभ दोनदा टाळूवर फिरवली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "हा लाडू नाही रे, डिंक आहे. पाकिटं चिकटवायला ठेव." सगळे हसले. मीही हसलो आणि कढई घासायला घेतली.

लहानपणी तू माझ्या डोळ्यांना पंचा बांधून चुलीपाशी बसवायचीस आणि विचारायचीस, "आता काय झालं?" तेव्हा मला सांगता यायचं. आता डोळे उघडे आहेत तर सांगता येत नाही. महिनाअखेरपर्यंत लाडू जमले नाहीत तर परत भांड्यांवर जावं लागेल. कृपा करून पुन्हा पहिल्यापासून सांग. मी शब्दन् शब्द उतरवून घेईन.

तुझा,
मापाड्या


१२ जानेवारी

मापाड्या,

तुझं नाव मी उगाच ठेवलेलं नाही. शाळा सातवीत सुटली तरी मोजणं सुटलं नाही. आधी ते घड्याळ खिशात घाल. बेसनाला वेळ वाचता येत नाही.

नीट ऐक. बेसन थोडं जाडसर दळलेलं घे. बारीक पीठ घेतलंस तर लाडू तोंडात चिखल होतो. तूप सगळं एकदम ओतू नकोस, तीन हिस्से घाल आणि चौथा हातचा ठेव. पहिल्यांदा त्याचा गोळा होईल, कालथ्याला जड लागेल, ओली वाळू ढकलतोय असं वाटेल. तिथे माणसं घाबरतात आणि आणखी तूप ओततात. तू ओतू नकोस. प्यालेलं तूप बेसन परत देतं, पण भाजल्यावरच.

पहिला वास ओल्या पोत्याचा. तो नाकात बोचतो. तो आहे तोवर बेसन कच्चं आहे, मग रंग काहीही दिसो. मग तो वास जातो आणि थोडा वेळ कसलाच वास येत नाही. ही जागा फसवी आहे. तू बाविसाव्या मिनिटाला इथेच उतरवलंस, मला इथे बसून दिसतंय. वाईट वास गेला म्हणजे चांगला आला असं नसतं. थांबायचं. मग हळूच भाजक्या शेंगदाण्यासारखा वास येतो, आधी कढईवर वाकल्यावर, मग उभं राहिल्यावर, मग दारात. दारातला माणूस "काय करताय?" म्हणून आत डोकावला की झालं.

त्याच सुमारास हात हलका होतो. गोळा सैल पडतो, कडेला तूप सुटतं, वर बारीक फेस येतो. आता हातचं तूप घाल आणि दुधाचा एक हबका मार. चर्र करून फसफसून वर आलं पाहिजे. त्याने दाणा पडतो. नुसतं "सूं" झालं तर अजून कच्चं आहे.

रंगाचं शेवटी सांगते, कारण तो शेवटीच येतो. हळदीचा पिवळा जाऊन ओल्या मातीच्या भांड्याकडे झुकला पाहिजे. पण वास आधी, रंग मागून. रंग पुरता येईपर्यंत चुलीवर ठेवलंस तर करपलं समज, कारण कढई उतरवल्यावरही भाजत राहते. उतरवून पाच मिनिटं ढवळत राहा. आणि रंग बघायचा तो खिडकीच्या उजेडात. पिवळ्या दिव्याखाली कच्चं बेसनही भाजल्यासारखं दिसतं. पुष्कळ जणी त्या दिव्याने बुडाल्या.

पिठीसाखर बेसन कोमट झाल्यावरच. गरमात घातलीस तर पातळ होऊन बसेल आणि मग वळत बस.

मला जरा कणकण आहे. काळजी करू नकोस, तुला तेवढं निमित्तच लागतं.

आजी


२५ जानेवारी

आजी,

जमलं!

घड्याळ खिशात ठेवलं होतं. (उतरवल्यावर पाहिलं, खोटं कशाला बोलू. एकेचाळीस मिनिटं झाली होती.) ती फसवी जागा आली तेव्हा मी डोळे मिटले. कसलाच वास नव्हता. हात उतरवायला धावत होता, मी धावू दिला नाही. मग तो वास आला, आणि तू पंचा बांधायचीस तेव्हाचा आवाज कानात आला: "आता काय झालं?" मी मोठ्याने म्हणालो, "आता सुटलं." शेजारी पोळ्या लाटणारी बाई म्हणाली, "कुणाशी बोलतोस रे?"

दुधाचा हबका चर्र झाला. मोठे आचारी दारातून आत आले. तू लिहिलंस तसंच, अगदी दारातून. त्यांनी एक लाडू खाल्ला आणि दुसरा उचलला. पोळ्यावाली म्हणते, गेल्या सहा वर्षांत त्यांनी दुसरा उचललेला तिने पाहिलेला नाही. आता मी कढईवर कायम.

कणकण गेली का? औषध कोणतं, किती वेळा घेतेस, ते कळव.

तुझा,
मापाड्या


१० फेब्रुवारी

चि. पुतण्यास,

आईला बारा दिवस ताप होता. तुला मुद्दाम कळवलं नाही, तू जीव टांगणीला लावून घेतोस. आता उठून बसली आहे, पण मला तिचं लक्षण ठीक दिसत नाही. परवा दूध करपून सगळं घर धुराने भरलं. मी दुकानातून धावत आलो, तर ही चुलीपासून दोन हातांवर पाठ करून भाजी निवडत बसलेली. म्हणे, "मला कळलंच नाही." शेजारीण तिला म्हणाली, "आजी, नाक गहाण ठेवलंत की काय?" तर तिच्यावर डाफरली.

वय झालं, दुसरं काय. तिची लाडवांची खोली बंद करून तिला आमच्याकडे मागच्या खोलीत आणावं असं मी ठरवलं आहे. तिच्या खोलीत मग माझी दुकानाची खोकीही राहतील. निम्मी ठेवलीच आहेत. पण ती हटून बसली आहे. म्हणते, माझ्या लाडवाला कुणी नाव ठेवलं तर त्या दिवशी कढई उलटी घालीन.

ती मानते ते एकट्या तुला. तुला ती लाडू पाठवणार आहे. एका लाडवात जरी खोट दिसली तरी स्पष्ट लिही, म्हणजे मला बोलायला तोंड होईल. तुझी पत्रं माझ्या दुकानावरच येतात, मी वाचूनच तिला देतो.

काका


२० फेब्रुवारी

मापाड्या,

ताप गेला. तुझ्या काकाने काय काय लिहिलं असेल ते मला ठाऊक आहे. मुंगीचा हत्ती करणारं घराणंच आहे आमचं.

सोबत डबा आहे. वरच्या थरातल्या लाडवांना बेदाणा लावलाय, खालचे साधे आहेत. दोन वेगवेगळ्या घाण्यांचे आहेत. दोन्ही खा, सकाळी खा, वर लगेच चहा पिऊ नकोस. कोणता खरा ते मला लिही. वास कसा आहे, टाळूला काय होतं, सगळं लिही. तुला पारखून बघते आहे असं समज. लाडीगोडी लावू नकोस, मला खरंच हवं आहे.

इथे कुणाला विचारू? काकाला साखरेचं पथ्य. काकूला सगळंच छान लागतं, उद्या भुसा वळून दिला तरी "छान झालेत हो, सासूबाई" म्हणेल. आणि माझ्या तोंडात वर कवळी, टाळू झाकलेली, तिला काय चिकटतं आणि काय नाही ते मला कळत नाही.

छापखान्याच्या पन्नास वर्षांच्या मेळाव्याला तीनशे लाडवांची मागणी आली आहे. तिथला व्यवस्थापक शाळेत असल्यापासून माझे लाडू खातो. ते नीट पार पडले की कुणी मला खोली सोड म्हणणार नाही.

काकाने खिडकीशी खोकी रचली आहेत, उजेड येत नाही. त्याने भला मोठा दिवा लावून दिलाय, पिवळा. उपकारच म्हणायचे.

लवकर लिही. तुझं पत्र आल्याशिवाय मी बेसन दळायला देणार नाही.

आजी


१ मार्च

आजी,

डबा सुखरूप मिळाला. एकही लाडू फुटला नव्हता.

तू सांगितलंस तसे सकाळी खाल्ले. आधी बेदाण्याचा, मग पाणी पिऊन साधा. काय लिहू? दोन्ही सारखेच, पहिल्या दर्जाचे. डबा उघडताच वास खोलीभर झाला. माझ्यासोबत राहणारा झोपेतून उठून बसला. मोठ्या आचाऱ्यांनाही एक नेऊन दिला. ते म्हणाले, गुरू तो गुरूच.

मला पारखायला निघालीस, पण यात पारखण्यासारखं काही नाही. तुझ्या हातून खोटा लाडू होणारच नाही. काकांनीही हे वाचावं.

छापखान्याचे तीनशे निर्धास्तपणे कर. फार दमू नकोस. खांदा दुखत असेल तर ढवळायला कुणाला तरी घे.

तुझा,
मापाड्या


१६ मार्च

चि. पुतण्यास,

झालं ते कळवतो.

मेळाव्याला आई स्वतः गेली होती. इस्त्रीचं लुगडं नेसून पहिल्या रांगेत बसली. लाडू वाटले गेले. थोड्या वेळाने मी पाहिलं, तर लोक एक घास घेऊन उरलेला लाडू खुर्चीखाली ठेवत होते. कुणी कागदात गुंडाळून खिशात टाकत होते. एक पोरगी मोठ्याने म्हणाली, "बाबा, दाताला पीठ लागलं." बापाने तिला चापट मारली, म्हणजे ज्यांनी ऐकलं नव्हतं त्यांनाही कळलं.

व्यवस्थापक भला माणूस. तो आईला म्हणाला, "आजी, या खेपेला बहुतेक बेसन जुनं मिळालं." आईने त्याच्या हातातला अर्धा लाडू घेतला, तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि त्यालाच विचारलं, "कच्चा आहे का?" त्याने तिच्यापुढे पाण्याचा पेला धरला.

सगळे पांगल्यावर ती खुर्च्यांखाली वाकून वाकून अर्धे लाडू गोळा करत होती. मी म्हटलं, झाडूवाला करील. ऐकली नाही. पिशवीभर निघाले.

घरी येऊन तिने सांगितलं. तापापासून तिला कसलाच वास येत नाही. दोन महिने. कुणाला बोलली नाही. आणि मी आपला वय झालं म्हणत बसलो.

तिने स्वतःच कढई उलटी घातली. ती मी भंगारवाल्याला दिली. आता ती आमच्या मागच्या खोलीत आहे.

तुला स्पष्ट लिही म्हणालो होतो. तू तर दोन्ही पहिल्या दर्जाचे ठरवलेस. तुझं पत्र तिने मेळाव्याला जाताना पिशवीत घेतलं होतं.

काका


२२ मार्च

आजी,

हे पत्र काका वाचतील. वाचू देत.

मी खोटं लिहिलं. बेदाण्याचा लाडू कच्चा होता. पहिल्या घासालाच कळलं. ओल्या पोत्याचा वास गेला होता पण दुसरा आलाच नव्हता. टाळूला असा बसला की बोटाने काढावा लागला. साधा लाडू उत्तम होता. दाणा पडलेला, सुटा, तुझा. मोठ्या आचाऱ्यांना मी साधाच नेऊन दिला. बेदाण्याचे सहा होते. ते मी कागदात बांधून कचऱ्यात टाकले, आणि टाकताना कुणी बघत नाही ना ते बघितलं.

काकांनी आधीच लिहिलं होतं की एका लाडवात खोट निघाली तर तुझी खोली बंद करणार. मी तीन कागद फाडले. "बेदाण्याचा थोडा कमी भाजलाय" असं एकावर लिहिलं होतं. मग वाटलं, तेवढ्यावरून ते तुला तिथून काढतील. तापातून उठलीस, एखादा घाणा चुकला असेल, पुढचा आपोआप सुधारेल. तुला कळल्याशिवाय राहणार नाही, असं मी धरून चाललो. तुला वास येत नसेल हे माझ्या डोक्यातही आलं नाही. करपलेल्या दुधाचं काकांनी लिहिलं होतं. मी ते वाचून तुझ्या म्हातारपणाची काळजी करत बसलो. पिवळ्या दिव्याचं तू लिहिलं होतंस. तेही वाचलं. तूच शिकवलं होतंस, माझ्या वहीत आहे.

मी रजा काढून येऊ का? एका शब्दाने कळव.

तुझा,
मापाड्या


५ एप्रिल

मापाड्या,

येऊ नकोस. रजा कशाला वाया घालवतोस.

ते दोन घाणे काय होते ते सांगते, म्हणजे तुझ्या वहीत नोंद राहील.

वास गेल्यावर पहिला आठवडा मी नुसती बसून होते. मग म्हटलं, नाक गेलं तर हात आहेत, कान आहेत, डोळे आहेत. बेदाण्याचा घाणा मी डोळ्याने केला. रंग आला असं वाटलं की उतरवला. पंचवीस मिनिटं लागली असतील. साधा घाणा हाताने आणि कानाने केला. कालथा हलका होईपर्यंत, कडेने तूप सुटेपर्यंत, हबका चर्र वाजेपर्यंत. त्याला पाऊण तास लागला आणि खांद्याचे दोन दिवस हाल झाले. उतरवला तेव्हा त्या दिव्याखाली तो मला करपल्यासारखा दिसत होता. मनातून मी तोच बाद केला होता.

दोन्हींतला कोणता खरा ते सांगणारं नाक माझ्याकडे एकच होतं. ते मीच पंचा बांधून तयार केलेलं.

वास गेल्याचं मी तुलाही लिहिलं नाही, कारण पत्र काकाच्या हातून जाणार. म्हणजे लपवलं मीही. ते माझ्या माथी. पण मी खरं लिही असं लिहिलं होतं. "साधा" एवढा एक शब्द तू लिहिला असतास तर पुढे मी वासाशिवायही लाडू केले असते. खांदा गेला असता, जाऊ दे. तू "दोन्ही सारखेच" लिहिलंस. सारखेच असतील तर पाऊण तास कशाला, असं म्हणून मी तीनशे लाडू डोळ्याने केले.

तुझा काका मला खोलीतून काढायला बघत होता, ते त्याने तोंडावर सांगितलं. तू मला ठेवायला बघत होतास.

कढईवरचं काम सोडू नकोस. तिथे चारशे माणसं आहेत.

आजी


२१ एप्रिल

आजी,

काल मी केलेल्या लाडवांचा एक डबा पाठवला आहे. सगळे एकाच घाण्याचे आहेत. वास दारापर्यंत गेला तेव्हा उतरवले. तुला वास येणार नाही हे माहीत आहे. तरी पाठवले.

डॉक्टर काय म्हणाले ते काकांनी लिहिलं नाही. वास परत येतो का कधी? इथल्या दवाखान्यातल्या परिचारिकेला मी विचारलं. ती म्हणाली, काहींचा येतो, काहींचा नाही.

आणखी एक विचारायचं आहे. मागच्या खोलीत तुला कसं वाटतं? तिथे बरं आहे, की तुझ्या खोलीत बरं होतं? खिडकी आहे का? मी इथे एक खोली बघून ठेवली आहे, पूर्वेला खिडकी आहे, चूल मांडायला जागा आहे. तू नुसतं म्हण, मी तुला न्यायला येतो. काका काही म्हणोत. पण मनापासून, खरं काय ते लिही.

तुझा,
मापाड्या


३ मे

मापाड्या,

डबा मिळाला. लाडू काकूने आल्यागेल्याला वाटले. छान झालेत म्हणाली.

खोल्यांचं विचारलंस. दोन्ही सारख्याच, पहिल्या दर्जाच्या.

आजी